विजय आणि क्लीन शीट एकत्र लावली की भाव का आटतो

प्रश्न: मी लीड्सला शिकतो, शनिवारी बेट बिल्डरमध्ये थोडे पैसे लावतो. यजमान विजय १.९५ आणि यजमानांची क्लीन शीट २.८५ असे वेगवेगळे भाव होते. गुणाकार ५.५६ येतो, पण दोन्ही एकत्र टाकल्यावर ॲपने फक्त ३.४० दिले. मग क्लीन शीट काढून ‘दोन्ही संघ गोल करतील’ (सुटा भाव १.८०) हा लेग टाकला, तर गुणाकार ३.५१ असताना ३.९० दाखवले! एका ठिकाणी कापतात आणि दुसऱ्या ठिकाणी वर देतात, हे कसं? आणि मग दुसरीच बेट घेणं शहाणपणाचं नाही का?

उत्तर:

नाही, आणि ते तसं का नाही हे आकड्यांनी दाखवतो. मी इंग्लंडमधल्या एका बुकमेकरच्या ट्रेडिंग डेस्कवर बरीच वर्षं फुटबॉलचे भाव काढले आहेत, आणि तुम्ही विचारलेली जोडी आम्ही नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवायचो.

भावांचा गुणाकार करायला एक अट आहे: एका लेगचं, म्हणजे जोडलेल्या एका अंदाजाचं, काय झालं हे कळल्यावर दुसऱ्याची शक्यता जराही बदलता कामा नये. लीड्सची मॅच आणि त्याच दिवशी इटलीतली मॅच, इथे गुणाकार बिनधास्त चालतो. पण विजय आणि क्लीन शीट, म्हणजे समोरच्याला एकही गोल करू न देणं, या एकाच स्कोअरलाइनमधून वाचलेल्या दोन गोष्टी आहेत. शेवटचा स्कोअर २-० असेल तर दोन्ही लेग एकाच वेळी खरे होतात, त्यांना वेगवेगळं नशीब लागत नाही.

एक चौकट डोळ्यांसमोर आणा. उभ्या बाजूला वरून खाली यजमानांचे गोल, ०, १, २, ३ असे. आडव्या बाजूला डावीकडून उजवीकडे पाहुण्यांचे गोल, तसेच. प्रत्येक घर म्हणजे एक अंतिम स्कोअर. यजमानांची क्लीन शीट म्हणजे सर्वांत डावीकडचा पूर्ण उभा रकाना, कारण तिथे पाहुण्यांचे गोल शून्य आहेत. बरोबरी म्हणजे तिरकी रेघ: ०-०, १-१, २-२. यजमानांचा विजय म्हणजे त्या रेघेच्या खालचा सगळा त्रिकोण. आता डावीकडच्या रकान्याकडे बघा. त्यातलं फक्त वरच्या कोपऱ्यातलं ०-० हे घर विजयाच्या त्रिकोणाबाहेर आहे. १-०, २-०, ३-० पासून खालचं सगळं त्रिकोणात. म्हणजे क्लीन शीट झाली असं कोणी तुमच्या कानात सांगितलं, तर यजमान जिंकले नाहीत असं होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे ०-०.

आता आकडे. सुट्या भावांतून बुकमेकरचं मार्जिन, म्हणजे त्याने भावात स्वतःसाठी ठेवलेला वाटा, काढून टाकलं की तुमच्या मॅचमध्ये यजमानांचे सरासरी १.६ आणि पाहुण्यांचे १.१ गोल अपेक्षित आहेत असं दिसतं. हे अंदाज उलट्या दिशेने काढायचे असतात: गोलांचे आकडे थोडे थोडे बदलत जायचं आणि विजय, बरोबरी, क्लीन शीट, दोन्ही संघ गोल हे सगळे भाव एकदम जुळले की थांबायचं. चौकट तुम्ही स्वतः कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये करू शकता. A2 पासून खाली यजमानांचे गोल ० ते ७ लिहा, B1 पासून उजवीकडे पाहुण्यांचे, आणि B2 मध्ये हे टाकून सगळीकडे ओढा:

```
=POISSON.DIST($A2,1.6,FALSE)*POISSON.DIST(B$1,1.1,FALSE)
```

या सूत्रात दोन्ही संघांचे गोल एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र धरले आहेत. हे मुद्दाम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अशी मॅच हजार वेळा झाली असं समजू. यजमान साधारण ४९० वेळा जिंकतात. पाहुणे ३३३ वेळा एकही गोल करत नाहीत, म्हणजे तेवढ्या क्लीन शीट. त्यांपैकी ०-० सुटतं ६७ वेळा. उरलेल्या २६६ वेळा क्लीन शीट आहे आणि विजयही आहे. तुमच्या गुणाकाराच्या मते मात्र हे फक्त १६३ वेळा व्हायला हवं, कारण तो म्हणतो की ३३३ क्लीन शीटपैकी ४९ टक्क्यांतच विजय मिळेल. प्रत्यक्षात क्लीन शीटपैकी ८० टक्क्यांत विजय आहे. म्हणून मार्जिनशिवायचा खरा भाव ३.७६ येतो, आणि गुणाकाराचा ६.१३.

आणि हे सगळं गोल स्वतंत्र धरूनही होतं आहे. बरेच जण समजतात की हा संबंध मैदानावरच्या काही गूढ कारणामुळे येतो, बचाव चांगला तर संघ आत्मविश्वासाने खेळतो वगैरे. तसलं काही या सूत्रात घातलेलंच नाही. नातं व्याख्येतच आहे: जिंकायचं म्हणजे समोरच्यापेक्षा जास्त गोल करायचे, आणि समोरच्याचे शून्य असतील तर एक गोल पुरतो.

यातूनच एक सोपी वाट निघते, जी मी आजही कागदावर वापरतो. विजय आणि क्लीन शीट या जोडीचे तुकडे चुकीच्या ठिकाणी केले की गोंधळ होतो. बरोबर तुकडे असे: ‘पाहुणे गोल करणार नाहीत’ आणि ‘यजमान किमान एक गोल करतील’. दोन्ही मिळून नेमकी तीच बेट होते, आणि हे दोन तुकडे जवळजवळ स्वतंत्र आहेत, त्यामुळे यांचा गुणाकार चालतो. तुमच्या मॅचमध्ये क्लीन शीटचा मार्जिनशिवायचा भाव ३.०० आणि यजमान किमान एक गोल करण्याचा १.२५. गुणाकार ३.७५. वरच्या चौकटीतून आलेला ३.७६ तो हाच, राहिलेला फरक निव्वळ दशांश कापल्याचा.

आता दुसरी बाजू, जिथे तुम्हाला ‘वर’ मिळालं. ‘दोन्ही संघ गोल करतील’ म्हणजे चौकटीतला सर्वांत डावा रकाना आणि सर्वांत वरची ओळ खोडून जे उरेल ते. खोडताना विजयाच्या त्रिकोणातून काय गेलं बघा: १-०, २-०, ३-०. हाच तर त्रिकोणातला सगळ्यांत भरलेला रकाना. यजमानांच्या ४९० विजयांपैकी २६६ तिथेच होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. उरले २२४. दोन्ही संघांनी गोल केला असं एकूण ५३२ वेळा घडतं, तेव्हा गुणाकाराच्या हिशेबाने विजयासकट २६१ वेळा व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात २२४. इथे दोन लेग एकमेकांना ओढून धरत नाहीत, ढकलतात. म्हणून खरा भाव गुणाकारापेक्षा मोठा असलाच पाहिजे: मार्जिनशिवाय तो ४.४७ आहे, आणि मार्जिन नसलेल्या सुट्या भावांचा गुणाकार ३.८४.

तुम्हाला मिळाले ३.९०.

इथे जरा थांबून तुमच्या तिन्ही बेटांचा हिशेब समोर ठेवू. नुसता यजमान विजय १.९५ ला घेतला तर दर शंभर पौंडांमागे सरासरी ९५ ते ९६ परत येतात, म्हणजे बुकमेकरकडे साडेचार राहतात. विजय आणि क्लीन शीट ३.४० ला घेतली, म्हणजे जिथे तुम्हाला कापल्यासारखं वाटलं, तिथे शंभरातले ९० परत येतात. विजय आणि दोन्ही संघ गोल ३.९० ला घेतली, जिथे तुम्हाला बोनस मिळाल्यासारखं वाटलं, तिथे ८७ परत येतात. म्हणजे तिन्हींत सगळ्यांत महाग बेट तीच, जी स्वस्त दिसत होती. भावाची तुलना गुणाकाराशी केली की असं फसायला होतं. गुणाकार हा या प्रकारात मापदंडच नाही. ३.९० ची तुलना ४.४७ शी करायची.

एकत्र बेटांवर मार्जिन जास्त का, हेही सरळ सांगतो. प्रत्येक लेगचं स्वतःचं मार्जिन असतं आणि ते एकावर एक चढतं. शिवाय सुट्या विजयाचा भाव शेकडो ठिकाणी शेजारी शेजारी दिसतो, म्हणून तिथे चढाओढ असते. तीन-चार लेग जुळवून तयार केलेल्या बेटाचा भाव लोक दुसरीकडे जाऊन तपासत नाहीत. आणि संबंधाचा आकडा चुकण्याची भीती असते, म्हणून डेस्क थोडी सुरक्षित जागा ठेवतो. तिन्ही कारणं खरी आहेत, आणि तिन्हींचा खर्च तुम्ही देता.

बरोबरीचं गणित मला स्वतःला फार आवडतं, कारण तिथे दिशा पुन्हा पालटते. तिरक्या रेघेवरून डावा रकाना आणि वरची ओळ खोडली तर फक्त एक घर जातं, ०-० चं. बाकीच्या सगळ्या बरोबऱ्यांत दोन्ही संघांनी गोल केलेलेच असतात, दुसरं काही शक्यच नाही. तुमच्या मॅचमध्ये हजारांत २४९ बरोबऱ्या, त्यांतल्या १८२ मध्ये दोन्हीकडून गोल. गुणाकार म्हणाला असता १३२. म्हणजे या मॅचमध्ये ‘दोन्ही संघ गोल’ हा लेग कुठल्याही विजयाला जोडला तर खरा भाव गुणाकाराच्या वर जातो, आणि बरोबरीला जोडला तर खाली येतो. एकच लेग, पण जोडीदार कोण त्यावर त्याची वागणूक ठरते. ‘या लेगचा संबंध किती’ असा एक ठरलेला आकडा म्हणूनच नसतो.

तो आकडा संघांच्या ताकदीप्रमाणेही बदलतो, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. मजबूत यजमान घ्या: त्यांचे २.४ गोल अपेक्षित, पाहुण्यांचे ०.७. यजमान हजारांत ७५१ वेळा जिंकतात, ४९७ वेळा क्लीन शीट राखतात आणि दोन्ही एकत्र ४५२ वेळा होतं. गुणाकार ३७३ म्हणतो. फरक आहे, पण सव्वापटीच्या आतला. कारण उघड आहे: विजयाची शक्यता आधीच ७५ टक्के असेल तर क्लीन शीटची बातमी ती १०० च्या वर नेऊ शकत नाही.

आता त्याच मॅचमध्ये दुबळ्या पाहुण्यांकडे बघा. ते हजारांत ९० वेळा जिंकतात. यजमानांना शून्यावर रोखतात ९१ वेळा. गुणाकार म्हणतो, दोन्ही एकत्र फक्त ८ वेळा. चौकट म्हणते ४६ वेळा! साडेपाचपटीहून जास्त. विचार केला तर पटतं: दुबळा संघ बाहेर जाऊन जिंकतो तो सगळ्यांत जास्त वेळा कसा? ०-१. त्यांना तीन-चार गोल सहसा करता येत नाहीत, म्हणून त्यांच्या निम्म्या विजयांत यजमान शून्यावरच असतात. मार्जिनशिवायचा खरा भाव २२ च्या आसपास आहे, आणि गुणाकार १२० च्या पुढे जातो.

हे मी कागदावर शिकलो नाही. मी ज्या डेस्कवर होतो तिथे एका खालच्या डिव्हिजनच्या कप मॅचसाठी क्लीन शीटचा बाजार हाताने, नंतर उघडला गेला होता. तो चुकून वेगळ्या मॅच-क्रमांकाखाली नोंदला गेला. सिस्टिमच्या दृष्टीने विजय एका मॅचचा आणि क्लीन शीट दुसऱ्या मॅचची. त्यामुळे दोन्ही लेग साध्या डबलसारखे जोडले गेले आणि भाव सरळ गुणाकाराने निघाला: पाहुणे विजय ९.५०, पाहुण्यांची क्लीन शीट ९.५०, एकत्र ९० च्या वर. दुपारी जोखमीच्या यादीत मला एकामागोमाग एक स्लिपा दिसल्या, सगळ्या छोट्या रकमेच्या, वीस-वीस पौंडांच्या, आणि सगळ्यांत नेमके हेच दोन लेग. बाजार बंद करेपर्यंत काही बेटा आत आल्या होत्या. मॅच ०-१ संपली. एका वीस पौंडांच्या स्लिपेवर अठराशे पौंड द्यावे लागले, आणि आम्ही ते दिले. त्या रात्री मी जी चाचणी लिहिली ती पुढे प्रत्येक नव्या बाजारावर चालायची: दोन लेग एकत्र केल्यावर येणारी शक्यता चौकटीतल्या घरांच्या बेरजेइतकी आहे का?

ब्रिटनमध्ये बेट बिल्डर येण्याच्या कितीतरी आधीपासून बुकमेकरांच्या नियमांत ‘संबंधित घटना’ हे कलम आहे. एकाचा निकाल दुसऱ्याला हातभार लावत असेल तर अशा दोन बेटांचं साधं डबल घेतलं जात नाही, त्यासाठी वेगळा भाव मागावा लागतो. बेट बिल्डरने तो वेगळा भाव काढण्याचं काम फक्त आपोआप केलं. तुम्हाला जे कापणं वाटलं ते हेच कलम, मशीनने पाळलेलं.

आता ते बाजूला ठेवलेलं गृहीतक, गोल स्वतंत्र असण्याचं. ते पूर्ण खरं नाही. १९९७ मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी दाखवलं की इंग्लिश फुटबॉलमध्ये कमी गोलांच्या स्कोअरवर स्वतंत्रतेचं गणित किंचित चुकतं, आणि ०-०, १-०, ०-१, १-१ या चार घरांपुरती एक दुरुस्ती सुचवली. दुरुस्तीचा आकडा ऋण असला की ०-० आणि १-१ वाढतात, १-० आणि ०-१ तेवढेच कमी होतात. आपल्या मॅचमध्ये उणे ०.१ धरून बघू. ०-० हजारांत ६७ वरून ७९ वर जातं, १-० तेवढ्याच बाराने कमी होतं, १-१ बाराने वाढतं. गंमत अशी की क्लीन शीटची एकूण संख्या ३३३ च राहते, कारण त्याच रकान्यात एका घरातून काढून दुसऱ्यात घातलं. पण विजय आणि क्लीन शीट २६६ वरून २५४ वर येतात, आणि खरा भाव ३.७६ वरून ३.९४ होतो.

किती फरक पडला ते जोखा. चौकटीच्या आकारामुळे आलेला संबंध १६३ चे २६६ करतो, आणि मैदानावरच्या वर्तनामुळे आलेली दुरुस्ती २६६ चे २५४. पहिला डोंगर, दुसरा टेकाड. तरीही डेस्कसाठी ते टेकाड महत्त्वाचं आहे, कारण त्यात साडेचार टक्के आहेत, जवळजवळ सुट्या बेटाच्या मार्जिनइतके. म्हणून दोन बुकमेकरांचे सुटे भाव अगदी सारखे असूनही एकत्र भाव ३.३० आणि ३.५५ असे वेगळे दिसू शकतात. एकाने चार घरांची दुरुस्ती जास्त धरली, दुसऱ्याने कमी. विजय आणि दोन्ही संघ गोल या जोडीत मात्र ही दुरुस्ती जवळजवळ दिसतच नाही, कारण २-१, ३-१, ३-२ या घरांना ती हात लावत नाही. तिथे दोन ठिकाणच्या भावांत मोठा फरक असेल तर तो बहुतेक मार्जिनचा.

घरी बसून भाव तपासायचा असेल तर एक समीकरण पुरतं. यजमान जिंकले तर दोनच गोष्टी होऊ शकतात: पाहुण्यांनी गोल केला किंवा केला नाही. म्हणजे विजय आणि क्लीन शीट, अधिक विजय आणि दोन्ही संघ गोल, बरोबर नुसता विजय. तुमच्या ॲपवर बघा: १ भागिले ३.४० म्हणजे २९.४ टक्के, १ भागिले ३.९० म्हणजे २५.६ टक्के. बेरीज ५५. नुसता विजय १.९५, म्हणजे ५१.३. म्हणजे विजयाचेच दोन तुकडे करून विकताना वरचे पावणेचार टक्के जोडले गेले. विजय घ्यायचाच आहे आणि तो कसा मिळेल याबद्दल तुमचं ठाम मत नाही, तर तुकडा विकत घेण्यात काही अर्थ नाही. मत असेल, म्हणजे पाहुण्यांचा एकमेव स्ट्रायकर जखमी आहे आणि बाजाराने ते अजून धरलेलं नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर मात्र तुकड्याला अर्थ येतो. पण मग आधी सुटी क्लीन शीट २.८५ ला कशी आहे ते बघा. बहुतेक वेळा तेच मत तिथे कमी मार्जिनमध्ये व्यक्त करता येतं.

काही जोड्या अशा आहेत की त्यांत भाव हलायलाच नको, आणि त्यावरून सिस्टिम किती प्रामाणिक आहे ते कळतं. यजमान विजय आणि क्लीन शीट ठेवून त्यात ‘दोन्ही संघ गोल करणार नाहीत’ जोडा. काहीही नवीन सांगितलेलं नाही, भाव तोच राहायला हवा. बरोबरी आणि क्लीन शीट जोडली तर ते ०-० च आहे, तेव्हा ‘अचूक स्कोअर ०-०’ चा भाव शेजारी उघडून ताडून बघा. यजमानांची क्लीन शीट आणि पाहुणे विजय ही जोडी तर ॲपने घेऊच नये. काही ठिकाणी असा फुकटचा लेग टाकला की भाव किंचित खाली येतो. हे नेमकं ओळखा: शक्यता बदललेली नाही, फक्त जादा लेगचं मार्जिन चढलं आहे.

मॅच सुरू झाल्यावर हा संबंध आणखी घट्ट होतो. सत्तराव्या मिनिटाला यजमान १-० ने पुढे आहेत असं धरा. आता ०-० हे घर संपलं, म्हणजे क्लीन शीट राहिली तर विजय नक्की. अशा वेळी ‘विजय आणि क्लीन शीट’ चा भाव सुट्या क्लीन शीटच्या भावाएवढाच असला पाहिजे, एक पैसाही वेगळा नको. लाइव्ह बेटात विजयाचा लेग जोडून भाव कमी झाला तर तो लेग काढून टाका, तुमची बेट तीच राहील.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण यावरून लोक सर्वांत जास्त भांडतात. हे सगळे लेग ९० मिनिटं अधिक इंज्युरी टाइमवर ठरतात, जादा वेळ धरत नाहीत. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स ९० मिनिटांना २-२ होते, जादा वेळेनंतर ३-३, आणि अर्जेंटिनाने पेनल्टींवर कप नेला. ‘अर्जेंटिना विजय आणि दोन्ही संघ गोल’ लावणारे हरले, ‘बरोबरी आणि दोन्ही संघ गोल’ लावणारे जिंकले. २०१० च्या फायनलमध्ये स्पेनने नेदरलँड्सला १-० हरवलं, पण इनिएस्टाचा गोल ११६ व्या मिनिटाला आला. म्हणून ‘स्पेन विजय आणि क्लीन शीट’ ही बेट तेव्हा हरली, स्पेनची सुटी क्लीन शीट जिंकली, आणि ज्याने बरोबरीबरोबर क्लीन शीट धरली होती त्याला ०-० चे पैसे मिळाले. स्वयंगोलही क्लीन शीट मोडतो, आणि ज्याच्या खात्यात तो धरला जातो त्या संघाने गोल केला असं मानलं जातं. गोलकीपर मध्येच बदलला तरी क्लीन शीट संघाची असते, त्याची एकट्याची नाही.